काय, बरं आहे ना?

२८ जुलै १७७९ रोजी मुंबईत ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारने एक ठराव केला. पहिलं इंग्रज-मराठा युद्ध तेव्हा चालूच होतं. त्याच वर्षीच्या जानेवारीत वडगावला कंपनीच्या फौजेची नामुष्की झाली होती. पण ठरावाचा विषय युद्धाचा नव्हता, महसुलाचाही नव्हता. विषय होता ‘नमस्कार’. मुंबईतले सोनार एकमेकांना आणि इतरांना नमस्कार करतात, हा अधिकार त्यांचा नाही, अशी ब्राह्मणांची तक्रार होती. सोनारांचा नमस्कार बंद करावा, अशी पत्रं खुद्द पेशव्यांकडूनही मुंबई सरकारच्या अध्यक्षाला वारंवार आली होती. कंपनीने ती मान्य केली आणि सोनार ज्ञातीच्या प्रमुखाला लेखी हुकूम दिला: आपल्या सगळ्या ज्ञातीला हा मनाई हुकूम कळवा आणि तो काटेकोर पाळला जाईल हे बघा.

रणांगणावर समोरासमोर उभी असलेली दोन सरकारं एका अभिवादनावरून पत्रव्यवहार करत होती. आता नमस्कारातून कळतं काय, ते बघू. पावसाची बातमी कळत नाही, सोन्याचा भाव कळत नाही, करणाऱ्याच्या मनातलं तर काहीच कळत नाही. ज्या शब्दात सांगण्यासारखं काही नाही, तो एखाद्या समाजाच्या तोंडून काढून घेण्यासाठी सरकारी ठराव का लागावा? या प्रकरणाचा विषय हाच आहे. अभिवादनातून माहिती जवळजवळ शून्य मिळते, आणि तरीही माणसांमधले संबंध त्याच्या आधारावर उभे राहतात. हे कसं घडतं?

माहिती मोजायची कशी

आधी ‘माहिती शून्य’ म्हणजे काय ते नीट पाहू. सकाळी आठ वाजता इमारतीच्या जिन्यात दोन शेजारी भेटतात. एकाच्या हातात डबा आहे, पायात बूट आहेत.

“काय, निघालात वाटतं?”

“हो, निघालो. तुमचं काय, बरं ना?”

“बरं आहे. उकाडा फार वाढलाय मात्र.”

“हो ना. चला, येतो.”

“या.”

पहिला निघाला आहे हे दिसतंच आहे. उकाडा दोघांनाही जाणवतो आहे. ‘बरं ना?’ या प्रश्नाचं उत्तर ‘बरं आहे’ येणार, हे विचारणाऱ्याला विचारण्याआधीपासून ठाऊक आहे. पाच वेळा बोलणं झालं आणि दोघांच्याही ज्ञानात काही भर पडली नाही.

क्लॉड शॅनन या अमेरिकी गणितज्ञाने १९४८ साली माहिती मोजण्याची एक रीत मांडली. तिचं सूत्र सोपं आहे: जे कळणार हे आधीच ठाऊक होतं, त्यातून माहिती मिळत नाही. जितकं अनपेक्षित, तितकी माहिती जास्त. नाणं उडवल्यावर छापा की काटा हे कळतं, तेव्हा एक ‘बिट’ माहिती मिळते. आता समजा, ‘बरं ना?’ला शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा ‘बरं आहे’ असंच उत्तर येतं आणि एकदा दुसरं काही. शॅननच्या सूत्राने हिशेब केला, तर या प्रश्नोत्तरातून सरासरी ०.०८ बिट माहिती मिळते. नाणेफेकीच्या बाराव्या भागाइतकीसुद्धा नाही.

पण याच हिशेबाला दुसरी बाजू आहे. शंभरातल्या त्या एका वेळी जेव्हा अपेक्षित उत्तर येत नाही, तेव्हा एका झटक्यात साडेसहा बिटांहून थोडी जास्त माहिती मिळते. शेजारी समोरून आला, नजरानजर झाली, आपण ‘काय, बरं ना?’ म्हणालो आणि तो काही न बोलता निघून गेला. तो दिवसभर मनातून जात नाही. काही चुकलं का आपलं? परवाच्या सोसायटीच्या मीटिंगमधलं लागलं का त्याला? घरी कोणी आजारी तर नाही? अभिवादनाची माहिती त्याच्या शब्दांत नसते. ते झालं की नाही झालं, यात ती असते. रोजचं ‘बरं आहे’ हे ‘आपल्यात सगळं कालच्यासारखंच आहे’ एवढंच सांगतं. ते ऐकण्यासाठीच ते विचारलेलं असतं.

किरिविनाच्या शेकोटीपाशी

ही गोष्ट भाषाशास्त्राच्या चर्चेत आणली ब्रोनिस्लाव मालिनोव्हस्की या पोलंडमध्ये जन्मलेल्या मानवशास्त्रज्ञाने. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१५ ते १९१८ दरम्यान, तो न्यू गिनीच्या पूर्वेकडच्या ट्रोब्रिअंड बेटांवर राहिला. किरिविना बेटावरच्या ओमाराकाना गावात लोकांच्या झोपड्यांमध्ये त्याने आपला तंबू ठोकला, त्यांची भाषा शिकला आणि दिवसरात्र त्यांचं बोलणं ऐकलं.

त्याच्या कानावर दोन तऱ्हेचं बोलणं पडत होतं. खाजणातल्या उथळ पाण्यात लोक होड्या घेऊन मासे धरायला निघत. तिथे शब्द तुटक आणि कामापुरते असत: जाळं सोड, ओढ, डावीकडे घे, थांब. एक शब्द चुकला तर मासळी निसटणार. तेच लोक संध्याकाळी शेकोटीभोवती बसले की तासन्‌तास बोलत, आणि त्या बोलण्यातून कोणाला काही करायचं नसे, कोणाला काही कळवायचंही नसे. कुठून आलास, आज हवा चांगली आहे, सगळ्यांना दिसतंच आहे ते पुन्हा एकदा सांगणं, असलं ते बोलणं.

१९२३ साली ऑग्डेन आणि रिचर्ड्‌स यांनी अर्थ या विषयावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याला जोडलेल्या निबंधात मालिनोव्हस्कीने या दुसऱ्या तऱ्हेच्या बोलण्याला ‘फॅटिक कम्युनियन’ असं नाव दिलं. आपण त्याला संबंधभाषण म्हणू. त्याची व्याख्या अशी, की या बोलण्यात शब्दांची देवाणघेवाण हेच संबंध जोडण्याचं साधन असतं. शब्दांचा अर्थ काय, हा प्रश्न तिथे दुय्यम ठरतो. त्याने हेही स्पष्ट म्हटलं, की हे काही फक्त बेटावरच्या लोकांचं नाही. युरोपातल्या दिवाणखान्यांतही हेच चालतं.

मालिनोव्हस्कीच्या मते याचं मूळ भीतीत आहे. समोरचा माणूस गप्प उभा राहिला की आपण अस्वस्थ होतो. तो बोलत नाही म्हणजे त्याच्या मनात काय आहे ते कळत नाही, आणि कळत नाही म्हणजे ते वाईटही असू शकतं. पहिला शब्द निघाला की तो ताण सुटतो. शब्द कोणता, याला फारसं महत्त्व नाही. आगगाडीच्या डब्यात समोरासमोर बसलेले दोन अनोळखी प्रवासी अर्धा तास एकमेकांची नजर चुकवतात आणि मग त्यातला एक ‘ही गाडी दौंडला थांबते ना?’ असं विचारतो. बहुतेकदा उत्तर त्याला ठाऊक असतं.

शब्द रिकामेच का लागतात

इथे एक साहजिक शंका येते. संबंधच जोडायचे तर चांगलं, अर्थपूर्ण काहीतरी बोलावं. हवापाण्यावर वेळ का घालवावा?

कारण अर्थपूर्ण बोलण्यावर मतभेद होऊ शकतो. ‘पाण्याच्या टाकीचा खर्च फार झाला’ असं जिन्यात म्हटलं, की समोरच्याला बाजू घ्यावी लागते. तो म्हणेल हो, किंवा नाही, किंवा ‘हिशेब दाखवतो’ म्हणेल. ‘उकाडा वाढलाय’ यावर कोणी वाद घालत नाही. ते खरं आहे, दोघांनाही समान लागू आहे आणि त्यात कोणाचाही दोष नाही. म्हणून त्यावर लगेच ‘हो ना’ येतं. या ‘हो ना’साठीच तो विषय निवडलेला असतो. दोन माणसं दोन-चार सेकंदांसाठी का होईना, एका बाजूला उभी राहतात.

दुसरं कारण असं, की रिकाम्या बोलण्याचं ओझं होत नाही. खरा प्रश्न विचारला की खरं उत्तर ऐकावं लागतं, आणि ऐकलं की त्याचं काहीतरी करावं लागतं. जिन्यात घाईने निघालेल्या माणसाकडे तेवढा वेळ नसतो. जिथे कोणाकडूनच काही मागितलेलं नाही, तिथे लहान मूल, म्हातारं माणूस, नवा भाडेकरू, कोणीही सहभागी होऊ शकतं. त्यासाठी अक्कल, वाचन, ओळख यांतलं काही लागत नाही.

जॉन लेव्हर या ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञाने १९७५ साली या बोलण्याचे बारकावे मांडले. अशी वाक्यं मुख्यतः संभाषणाच्या दोन्ही कडांवर येतात, सुरुवातीला आणि शेवटी, हे त्याने दाखवलं. आणि सुरुवातीच्या वाक्यांचे तीन प्रकार केले. पहिला प्रकार तटस्थ: ‘काय पाऊस आहे!’ दुसरा स्वतःबद्दलचा: ‘दमलो बुवा हे जिने चढून.’ तिसरा समोरच्याबद्दलचा: ‘काय, आज लवकर?’ तटस्थ वाक्य कोणीही कोणाशीही बोलू शकतं. उरलेल्या दोन प्रकारांत मात्र दर्जा डोकावतो. वरचा माणूस खालच्याच्या आयुष्यात सहज शिरू शकतो. खालच्याने मात्र स्वतःपुरतंच बोलायचं असतं.

आपल्याकडच्या कोणत्याही कार्यालयात हे ऐकू येतं. साहेब शिपायाला म्हणतात, “काय रे, आज उशीर?” शिपाई म्हणतो, “पावसानं फार भिजवलं साहेब.” आता हे उलटं करून पाहा. साहेब उशिरा आले आणि शिपाई म्हणाला, “काय साहेब, आज उशीर?” वाक्य तेच, पण ऐकणाऱ्या साऱ्यांचे चेहरे बदलतील. दोन्ही वेळा माहिती शून्य होती. मात्र कोणी कोणाबद्दल बोलावं याची एक अदृश्य रेघ दुसऱ्या वेळी ओलांडली गेली.

संभाषणाची दुसरी कडही अशीच जपलेली असते. बोलणं एकदम तोडून कोणी निघून जात नाही. आधी ‘चला’ येतं, मग ‘वहिनींना सांगा’, मग ‘या एकदा घरी’, आणि शेवटी ‘येतो’. घरी कधी यायचं ते ठरत नाही आणि कोणी ठरवायला जातही नाही. निरोपाच्या वेळी भेट संपते आहे, संबंध संपत नाही, एवढं दोघांना एकमेकांना सांगायचं असतं. दारात उभं राहून आणखी पंधरा मिनिटं बोलणारी आपली माणसं हेच काम जरा सावकाश करतात.

या सगळ्यातून खरोखर काही जोडलं जातं का, हे तपासूनही पाहिलं गेलं आहे. जिलियन सँडस्ट्रॉम आणि एलिझाबेथ डन या मानसशास्त्रज्ञांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात कॉफीच्या दुकानात येणाऱ्या लोकांचे दोन गट केले. एका गटाला सांगितलं, की काउंटरवरच्या माणसाकडे बघून हसा आणि दोन शब्द बोला. दुसऱ्याला सांगितलं, की पैसे हातात तयार ठेवा आणि काम झटपट उरका. बाहेर पडल्यावर पहिल्या गटातली माणसं अधिक प्रसन्न होती आणि आपण इथल्या माणसांतले आहोत ही भावनाही त्यांच्यात जास्त होती. हे मोजमाप त्या भेटीनंतर लगेचचं होतं, तेव्हा एका कॉफीने आयुष्यभराची मैत्री होते असा त्याचा अर्थ नाही. पण अनोळखी माणसाशी बोललेले दोन बिनमहत्त्वाचे शब्दही मनावर मोजता येण्याइतका ठसा उमटवतात, एवढं त्यातून ठरलं.

प्रश्नाला खरंच प्रश्न मानलं तर

नियम मोडला की नियम दिसतो. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ हॅरॉल्ड गार्फिंकेल यांनी आपल्या विद्यार्थ्यांना मुद्दाम असे नियम मोडायला लावले आणि त्याच्या नोंदी १९६७ साली पुस्तकात दिल्या. त्यातली एक नोंद आपल्या विषयाची आहे. ओळखीचा माणूस हात हलवत येतो आणि ‘कसा आहेस?’ विचारतो. विद्यार्थी गंभीरपणे उलट विचारतो: कशाच्या बाबतीत? तब्येतीच्या, पैशांच्या, अभ्यासाच्या की मनःस्वास्थ्याच्या? समोरचा लालबुंद होतो. मी फक्त सभ्यपणाने विचारलं होतं, तू कसा आहेस याच्याशी मला काही देणंघेणं नाही, असं तो फटकारतो.

विद्यार्थ्याचा प्रश्न तर्काला धरून होता. ‘कसा आहेस’ याला खरोखरच शंभर बाजू आहेत. पण समोरच्याने हात पुढे केला होता आणि विद्यार्थ्याने तो तपासायला सुरुवात केली. राग आला तो त्याचा.

उलट बाजूनेही घोटाळा होतो. ‘बरं ना?’ विचारल्यावर एखादा माणूस जिन्यातच गुडघ्याच्या दुखण्याची पूर्ण हकीकत सांगू लागतो. तो खोटं बोलत नाही, वाईटही वागत नाही. त्याने फक्त वेळ ओळखलेली नसते. गंमत अशी, की मराठीत आपण दुःखालाही या चौकटीत जागा करून ठेवली आहे. ज्याचं खरोखर बरं नाही तो ‘चाललंय’ म्हणतो, किंवा ‘आहे आपलं’ म्हणतो. ‘बरं आहे’ऐवजी ‘चाललंय’ आलं, की जाणता माणूस पाऊल थांबवतो आणि आवाज खाली आणून विचारतो, “का हो? काय झालं?” हा दुसरा प्रश्न मात्र खरा असतो आणि त्याला खरं उत्तर चालतं. पहिल्या रिकाम्या प्रश्नाने या दुसऱ्या प्रश्नासाठी वाट करून दिलेली असते. रोज ‘बरं ना?’ न विचारणाऱ्याला ‘काय झालं?’ विचारण्याचा अधिकारही मिळत नाही.

कोणी कोणाला काय म्हणावं

आता १७७९च्या ठरावाचं कोडं उलगडतं. शब्दाला स्वतःचं ओझं नसलं, की तो दुसऱ्या कशाचं तरी चिन्ह व्हायला मोकळा होतो. जुन्या महाराष्ट्रात कोणी कोणाला काय म्हणावं हे जातीप्रमाणे ठरलेलं होतं. नमस्कार ब्राह्मणांचा, इतर अनेकांचा रामराम, आणि महाराने वरच्या जातीच्या माणसापुढे ‘जोहार मायबाप’ म्हणायचं. अभिवादनाचा पहिला शब्द निघाला की दोघांच्या जागा ठरून जात. सोनारांनी नमस्कार करायला सुरुवात केली तेव्हा त्यांनी काही सांगितलं नव्हतं; त्यांनी जागा बदलली होती. म्हणून तक्रार झाली, आणि तक्रार करणाऱ्यांना तिचं महत्त्व चांगलंच ठाऊक होतं. रोज दहा ठिकाणी होणारा नमस्कार चालू दिला, तर काही वर्षांत ती जागा त्यांचीच होऊन बसणार होती.

विसाव्या शतकात हेच बळ दुसऱ्या दिशेने वापरलं गेलं. ‘जोहार’ टाकून आंबेडकरी चळवळीतल्या माणसांनी ‘जय भीम’ स्वीकारला. नागपूरजवळच्या कामठीचे कार्यकर्ते बाबू हरदास यांनी तो रूढ केला असं मानलं जातं. जोहारमध्ये एकाने म्हणायचं आणि दुसऱ्याने ऐकून घ्यायचं, अशी रचना होती. जय भीमला जय भीमनेच उत्तर येतं. शब्द बदललाच, पण त्याहून मोठी गोष्ट घडली ती ही, की अभिवादनाचे दोन्ही भाग सारखे झाले. वारीतही हीच सममिती दिसते. दोन वारकरी भेटले की दोघेही एकमेकांच्या पाया पडतात, दोघेही एकमेकांना ‘माऊली’ म्हणतात; वय, जात, श्रीमंती तेवढ्यापुरती बाजूला राहते.

अभिवादनातला विषमतेचा खेळ फक्त शब्दाच्या निवडीत नसतो, पहिलं कोण बोलतं यातही असतो. पश्चिम आफ्रिकेतल्या सेनेगलमध्ये वोलोफ लोकांच्या गावात ज्युडिथ अर्विन या मानवशास्त्रज्ञ स्त्रीने अभिवादनाचा अभ्यास केला आणि तो १९७४ साली प्रसिद्ध झाला. वोलोफ रीतीप्रमाणे कमी दर्जाच्या माणसाने पुढे होऊन आधी विचारायचं, आणि वरच्याने थोडक्यात, संथपणे उत्तरं द्यायची. विचारणाऱ्याने घरच्या एकेकाची विचारपूस करायची असते, म्हणून हा सोहळा चांगला लांबतो. पण अर्विनला असंही दिसलं, की काही वेळा प्रतिष्ठित माणूसही धावत जाऊन आधी अभिवादन करतो, म्हणजे खालची जागा मुद्दाम पत्करतो. कारण व्यावहारिक आहे. वरच्या माणसाकडे खालच्याने पैसे मागितले तर त्याला ते देणं भाग पडतं. ज्याने आधी अभिवादन करून खालची जागा घेतली, त्याच्याकडे मागायचं कसं? ज्या बोलण्यात बातमी काहीच नाही, त्यात खिशातल्या पैशांचा निर्णय होऊन जातो.

ट्रोब्रिअंडकडून आलेलं उत्तर

इथपर्यंत आपण धरून चाललो, की अभिवादनातले प्रश्न रिकामे असतात. मालिनोव्हस्कीचं म्हणणं तेच होतं. त्याला सर्वांत चांगली दुरुस्ती मिळाली ती त्याच बेटांवरून.

गुंटर झेन्फ्ट या जर्मन भाषाशास्त्रज्ञाने १९८०च्या दशकाच्या सुरुवातीपासून ट्रोब्रिअंडमधल्या काइलेउना बेटावर, ताउवेमा गावात राहून तिथल्या किलिविला भाषेचा अभ्यास केला. तिथे वाटेत भेटणारा माणूस ‘आंबेया?’ असं विचारतो, म्हणजे ‘कुठे?’ झेन्फ्टला सुरुवातीला वाटलं, की हे आपल्याकडच्या ‘कसं काय’सारखंच असणार, हसून मोघम उत्तर दिलं की झालं. पण गावकऱ्यांना ते पटत नसे. अपेक्षा खऱ्या आणि पूर्ण उत्तराची असते: जातो, अंघोळ करतो, परत येतो, गावातच थांबतो, काम करतो. एवढा सगळा बेत सांगायचा.

का, ते बेटावरची वाट पाहिली की कळतं. वाटेत प्रवाळाचे धारदार खडक आहेत, वरून नारळ पडतात, एकटा माणूस आजारी पडून कुठेतरी अडकू शकतो. शिवाय भुताखेतांची आणि चेटकिणींची भीती तिथे खरी मानली जाते. तुम्ही कुठे निघालात हे वाटेतल्या चार जणांना माहीत असेल, तर वेळेवर न पोहोचल्यावर शोधायला कुठे जायचं हे गावाला कळतं. तो प्रश्न विचारणं म्हणजे ‘तू आमच्या देखरेखीत आहेस’ असं सांगणं आहे. तिथे संबंध जोडण्याचं काम माहितीच करते.

आपल्याकडे नेमकं उलटं आहे. घरातून निघालेल्या माणसाला ‘कुठे?’ विचारणं अशुभ मानतात. जुनी माणसं ‘काय, लांब का?’ एवढंच विचारतात, आणि ‘हां, जरा जाऊन येतो’ हे उत्तर त्यांना पुरतं. प्रश्न जवळजवळ सारखा, पण एका ठिकाणी बेत सांगणं ही आपुलकी, आणि दुसऱ्या ठिकाणी तो न विचारणं ही आपुलकी. त्यामुळे वाक्याकडे नुसतं पाहून ते रिकामं आहे की नाही हे ठरवता येत नाही. कोणतं उत्तर चालवून घेतलं जातं, हे बघावं लागतं. ‘हां, जरा जाऊन येतो’सारखं मोघम उत्तर देऊन माणूस पुढे जाऊ शकत असेल, तर तो प्रश्न संबंधभाषणाचा. मोघम उत्तरावर दुसरा प्रश्न येत असेल, तर विचारणाऱ्याला खरंच काहीतरी जाणून घ्यायचं आहे.

मालिनोव्हस्कीचा दुसरा सिद्धांत, शांततेच्या भीतीचा, तोही सगळीकडे लागू पडत नाही. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात सिबेक्यू इथल्या पश्चिमी अपाची लोकांबद्दल कीथ बासो या मानवशास्त्रज्ञाने १९७० साली लिहिलं. तिथे अनोळखी माणसं एकत्र काम करू लागली तरी लगेच बोलत नाहीत. कधी कधी दिवसांमागून दिवस जातात. ओळख करून घ्यायची घाई करणाऱ्या माणसाकडे ते संशयाने बघतात: याला काही हवं आहे का? दूरच्या निवासी शाळेतून मूल कित्येक महिन्यांनी घरी यायचं, तेव्हा आईवडील पुढे होऊन विचारपूस करत नसत, गप्प राहत. शाळेने मूल कितपत बदललं आहे ते त्यांना ठाऊक नसे, म्हणून ते आधी त्याला बोलू देत, ऐकत, मग हळूहळू बोलू लागत. बासोने अशा प्रसंगांत एक समान धागा दाखवला: समोरच्याशी आपलं नातं आत्ता नेमकं काय आहे हे ज्या वेळी स्पष्ट नसतं, त्या वेळी अपाची माणूस गप्प राहतो.

त्याच अनिश्चिततेत मराठी माणूस ‘काय, कसं काय?’ म्हणतो, ट्रोब्रिअंडचा माणूस ‘कुठे?’ विचारतो, वोलोफ माणूस घरच्या साऱ्यांची चौकशी करतो. अडचण सगळीकडे एकच आहे: समोर उभ्या असलेल्या माणसाच्या आणि आपल्या मधे आत्ता काय आहे, हे कोणालाही थेट विचारता येत नाही. तसं विचारणंच नात्याला तडा देतं. म्हणून ते दुसऱ्या कशाच्या तरी आडून विचारावं लागतं, आणि प्रत्येक समाजाने त्यासाठी आपापली आड शोधली आहे. कुठे ती हवा आहे, कुठे वाट, कुठे घरची माणसं, तर कुठे शांतता. दुसऱ्या गावात किंवा देशात राहायला गेलेल्या माणसाने तिथली भाषा शिकताना आधी हेच ऐकावं: तिथली माणसं भेटल्यावर कशाबद्दल बोलतात, आधी कोण बोलतं, उत्तर किती लांब चालतं आणि कधी गप्प राहायचं असतं. तिथल्या व्याकरणात तो चुकला तर लोक सांभाळून घेतील. इथे चुकला तर तो वाईट माणूस आहे असं समजतील, आणि त्याचं काय चुकलं हे त्याला कोणी सांगणारही नाही.